संचालक केलं म्हणाले आणि 15,67,500 रुपयांची पीएफची थकबाकी माझ्या नावावर टाकली

कागदावरचे संचालक, कागदावरचे भागीदार हे प्रकार कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पाल्हाळ लावत नाही. मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कारखान्यात उत्पादन बघायचो. अडतीस कामगार, पगार महिना 52,000. एप्रिल 2021 मध्ये शेठ म्हणाले, "तुम्ही आता घरचेच, तुम्हाला डायरेक्टर करतो." पगारात 8,000 वाढले, व्हिजिटिंग कार्ड छापून आलं. पंधरा वर्षं इमानाने काम केल्यावर मालकाने असं म्हटलं तर कुठला माणूस शंका घेईल? जे मला म्हणतात की तेव्हाच कळायला हवं होतं, त्यांनी एकदा माझ्या जागी उभं राहून बघावं.

शेठना संचालक का हवा होता, ते फार उशिरा समजलं. कारखान्याच्या परवान्यावर भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेला माणूस, म्हणून एक नाव लागतं, आणि कारखाना कंपनीचा असेल तर ते नाव संचालकाचंच लागतं. तिथल्या मॅनेजरचं किंवा अकाउंटंटचं चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच हे स्पष्ट केलेलं आहे. पुढची मेख पीएफच्या 1952 च्या कायद्यात होती. कारखान्याच्या बाबतीत 'मालक' कोण, याच्या व्याख्येत भोगवटादार येत होता. म्हणजे परवान्यावर माझं नाव चढलं त्या दिवशी अडतीस माणसांच्या पीएफसाठी मी मालक झालो. शेठ स्वतः दोन महिन्यांत संचालकपदावरून बाजूला झाले. शेअर त्यांच्या बायकोच्या नावावर, बँकेत सही त्यांच्या मुलाची. संचालक उरलो मी आणि त्यांचा जुना क्लार्क. दोन संचालक कायद्याला पुरतात.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही डोकं फिरतं. जून 2022 मध्ये लेथवरचा एक कामगार बायकोच्या ऑपरेशनसाठी पीएफचा अ‍ॅडव्हान्स काढायला गेला. पासबुक मोबाईलवर उघडून त्याने माझ्यासमोर धरलं. शेवटची नोंद फेब्रुवारीच्या पगाराची. पगाराच्या स्लिपवर मात्र दर महिन्याला 1,800 कापलेले. मी तसाच अकाउंटंटकडे गेलो. त्याने पोर्टल उघडलं आणि मार्च, एप्रिल, मे या तिन्ही महिन्यांची चलनं दाखवली. चलन क्रमांक होता, रक्कम होती, 38 सभासद होते. म्हणाला, "भरलंय साहेब, सर्व्हरला अपडेट व्हायला वेळ लागतो."

त्या चलनावर सगळं होतं, फक्त पैसे जमा झाल्याची तारीख नव्हती. पगाराचं विवरण अपलोड केलं की चलन आपोआप तयार होतं आणि त्याला क्रमांकही पडतो. बँकेतून पैसे गेले नाहीत तर ते चलन तसंच पडून राहतं. क्रमांक असलेलं चलन म्हणजे भरलेलं चलन नव्हे. उत्पादन बघणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मी त्या कामगाराला जाऊन सांगितलं, भरलंय, थांब. माझ्या तोंडून त्याला खोटं सांगायला लावलं, हा राग पैशांपेक्षा मोठा आहे. तुमच्या कंपनीचं तुम्हाला बघायचं असेल तर पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाका, कुठल्या महिन्याचे किती पैसे किती माणसांसाठी कोणत्या तारखेला भरले ते दिसतं. आधीच्या महिन्याचा भरणा 15 तारखेपर्यंत व्हायला हवा. 20 ला बघा, कुणालाही विचारू नका.

16 ऑगस्ट 2022 ला मी राजीनामा मेल केला. शेठचं उत्तर आलं, "मिळाला, बोलू." कंपनी कायद्याच्या कलम 168 प्रमाणे राजीनामा कंपनीला मिळाला त्या दिवसापासून लागू होतो, त्यात पुढची तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून. म्हणजे कायद्याने मी त्याच दिवशी सुटलो. पण संचालक गेल्याचं कळवायला कंपनीने निबंधकाकडे डीआयआर-12 हा फॉर्म भरायचा असतो, तो त्यांनी भरलाच नाही. कंपनी निबंधकाच्या नोंदीत मी संचालक तो संचालकच राहिलो.

यावरही उपाय असतो, तो मला कुणी सांगितला नाही. राजीनामा दिलेला संचालक स्वतः निबंधकाकडे डीआयआर-11 हा फॉर्म भरू शकतो, 30 दिवसांत. सोबत राजीनामा, तो पाठवल्याचा पुरावा आणि पोच जोडायची. त्यावर तुमची डिजिटल सही लागते. माझ्या सहीचं टोकन, पेनड्राइव्हसारखं, माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये होतं, शेजारी क्लार्कचं. पासवर्ड दोन्हींचा एकच. माझ्या पश्चात त्या टोकनने कशावर सह्या झाल्या ते मी अजून शोधतो आहे. टोकन परत मागत बसू नका. नवीन डिजिटल सही कुणालाही आपली आपण घेता येते. संचालक क्रमांकाची केवायसी राहिली असेल तर आधी 5,000 भरून तो क्रमांक चालू करावा लागतो. तेही भरा.

जानेवारी 2023 ला कारखान्याला कुलूप लागलं. कामगारांचे दोन महिन्यांचे पगार, 14,06,000 रुपये, बुडाले. माझे स्वतःचे तीन महिन्यांचे, राजीनाम्याच्या आधीचे, 1,80,000 बुडाले. त्यासाठी कामगार कार्यालयात गेलो तर समोरच्या साहेबांनी फाईल उघडूनही पाहिली नाही. "तुम्ही तर डायरेक्टर आहात, तुमच्यावरच तक्रार आहे." पगाराच्या 1936 च्या कायद्यात कारखान्याच्या नेमलेल्या मॅनेजरवरही जबाबदारी येत होती. माझ्यानंतर मॅनेजर म्हणून दाखवलेल्या सत्तावीस वर्षांच्या पोरालाही नोटीस गेली. पगार न देणारा माणूस सोडून पगार न मिळालेल्यांनाच कागद येत होते.

मग पीएफचा आदेश आला. थकबाकी किती ते ठरवणारी कलम 7अ खालची चौकशी माझ्या नकळत, एकतर्फी झाली, कारण सगळ्या नोटिसा कुलूप लावलेल्या कारखान्याच्या पत्त्यावर जात होत्या. हिशेब असा: अडतीस माणसं, प्रत्येकाची कपात 1,800 आणि कंपनीचा वाटा खर्चासह 1,950, महिन्याला 1,42,500. मार्च 2022 ते जानेवारी 2023 असे अकरा महिने, 15,67,500. त्यावर 12 टक्के व्याज वेगळं आणि दंडाची नुकसानभरपाई वेगळी. माझा राजीनामा धरला तर मार्च ते जुलैचे पाच महिने येतात, 7,12,500. ऑगस्टचा भरणा सप्टेंबरमध्ये देय होता, तेव्हा मी नव्हतो. एक फॉर्म नोंदीत नाही म्हणून 8,55,000 रुपये माझ्या अंगावर जास्तीचे पडले.

पीएफच्या साहेबांना मेल दाखवला, शेठचं "मिळाला" दाखवलं. म्हणाले, "आमच्याकडे 5अ फॉर्ममध्ये मालक म्हणून तुमचं नाव आहे, बदल कंपनीने कळवायचा." कंपनी कुठे आहे? कंपनीला कुलूप तुम्हीच बघून आलात ना? अपिलाचं विचारलं तर उत्तर मिळालं की न्यायाधिकरणात जा, रकमेच्या 75 टक्के आधी भरा, म्हणजे 11,75,625. ती कमी करून मागता येत होती, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. एकतर्फी आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत तो उठवायचा अर्ज त्याच अधिकाऱ्याकडे करता येतो, हे तर मला दुसऱ्याच एका वकिलाने व्हरांड्यात सांगितलं. तुमच्यावर असा आदेश आला तर पहिला अर्ज तोच करा, आणि आदेशाची प्रत हातात पडली त्या तारखेचा पुरावा जपा.

पोलिसांचं तर काय लिहू. कामगाराच्या पगारातून कापलेले पीएफचे पैसे भरले नाहीत तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो. त्या तक्रारीत आरोपी म्हणून माझं नाव घ्यायला त्यांना काही अडलं नाही. तेच नाव घेऊन मी शेठविरुद्ध फसवणुकीची तक्रार द्यायला गेलो तेव्हा म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. एकाच कागदावर मी गुन्हेगार आणि माझी फसवणूक मात्र दिवाणी! मेल, स्लिपा, बँकेचं पत्र सगळं घेऊन बसलो होतो, पोचसुद्धा दिली नाही.

शेवटचा धक्का जीएसटीचा. कंपनीने गिऱ्हाइकांकडून घेतलेले 18,62,400 सरकारात भरलेच नाहीत. खासगी कंपनीकडून वसुली झाली नाही तर जीएसटी कायद्याच्या कलम 89 खाली त्या काळातले संचालक एकत्रित आणि वैयक्तिक जबाबदार ठरतात, म्हणजे चौघे असले तरी सगळी रक्कम एकाकडून घेता येते. आयकराच्या 1961 च्या कायद्यातही कलम 179 असंच आहे. माझं बचत खातं अडकलं, त्यात 2,13,640 होते. घराच्या कर्जाचा हप्ता परत गेला.

दोन्ही कलमांत सुटकेची एकच वाट आहे: वसुली न होण्यामागे माझं घोर दुर्लक्ष, गैरकृत्य किंवा कर्तव्यभंग नाही, हे मी सिद्ध करायचं. खात्याने काही सिद्ध करायचं नसतं. मात्र आधी कंपनीकडून वसुलीचा खरा प्रयत्न केल्याचं खात्याने दाखवावं लागतं. आयकराच्या बाबतीत ते न दाखवलेले आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेले आहेत. माझ्या नोटिशीत कंपनीच्या यंत्रांचा, येण्याच्या रकमांचा एक शब्द नाही. यंत्रं शेठच्या मुलाने ट्रकमध्ये भरून नेली, गाडीचा नंबरही मी लिहून दिला आहे.

आज माझ्या बाजूने तीन कागद उभे आहेत. बँकेचं पत्र, की खात्यावर माझी सही कधीच नव्हती. राजीनाम्याचा मेल आणि त्याचं उत्तर. आणि 29 जून 2022 चा माझा मेल, ज्यात मी अकाउंटंटला तीन चलनांच्या भरण्याची तारीख विचारली होती. तोंडी विचारलेलं दहा वेळा असेल, त्याची किंमत शून्य आहे. पैसे कुठे गेले हे लेखी विचारा, उत्तर आलं नाही तरी विचारलेलं राहतं.

शेठची नवी कंपनी निघाली आहे. निबंधकाच्या नोंदीत दोन संचालक दिसतात, दोघेही पूर्वी आमच्याकडे पगारावर होते. पीएफच्या संकेतस्थळावर बघितलं, गेल्या तीन महिन्यांचा भरणा नाही. एकाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, अकाउंटंटने चलनं दाखवली मला." त्याला म्हटलं, तारीख बघ, आणि आज रात्रीच मेल कर.