तीन बलांचा दांडा: रेषा जुळवायच्या की समीकरणं मांडायची?

जालन्यातल्या एका वर्कशॉपच्या भिंतीवरचा चेनपुलीचा ब्रॅकेट घ्या. 3 मीटरचा आडवा दांडा भिंतीला अ पिनने जोडलेला, टोकाला क इथे 600 न्यूटनचा भार. अ पासून 2 मीटरवर ब पिन, तिथे खालून 45 अंशांचा टेका. त्याचा पाय ड पिनने भिंतीला. दांड्याचं वजन सोडून दिलंय.

टेक्यावर बल फक्त दोन टोकांना, म्हणून ते त्याच्याच रेषेत. दांड्यावर मात्र तीन बलं आणि तीनही एकाच बिंदूतून जायला हवीत. टेक्याची रेषा वर वाढवा: ती भाराच्या रेषेला क च्या बरोबर 1 मीटर वर छेदते. अ ची प्रतिक्रिया त्याच बिंदूच्या रेषेत, म्हणजे चढ 3 ला 1.

समीकरणांनी अ भोवती मोमेंट घ्या: टेक्याचा उभा घटक × 2 = 600 × 3, म्हणून 900. आडवाही 900, टेक्यात 1273 न्यूटन दाब. ब आणि ड या दोन्ही पिनांवर तेवढंच बल. अ पिन दांड्याला भिंतीकडे 900 ने ओढते आणि 300 ने खाली दाबते, एकूण 949.

हे ‘खाली’ पोरांना पटत नाही. भार खाली, म्हणून आधार वरच असणार, असं धरून चिन्ह बदलतात. रेषांच्या आकृतीत ती चूक लगेच दिसते. म्हणून मी आधी आकृती काढतो, आकडे समीकरणांनी काढतो. दांड्यावर दुसरा भार आला, तर आधी दोन्हींचं एक परिणामी बल काढावं लागतं. तिथे समीकरणंच सोपी.