३३५ की ५४० वॅट? लेबलच सांगतं

मावशीने दोन सोलर पॅनेलच्या लेबलांचे फोटो पाठवले: एक ३३५ वॅटचं पॉली, म्हणजे अनेक स्फटिकांच्या सिलिकॉनचं, दुसरं ५४० वॅटचं मोनो, म्हणजे एकाच स्फटिकाच्या सिलिकॉनचं. कुठलं घेऊ?

‘पीमॅक्स’पुढचा आकडा म्हणजे रेटेड वॅट, पण पॅनेलमधले सेल २५ अंशांवर असतानाचे. मेमध्ये सेल ६५ अंशांवर गेले की दोन्ही साधारण १५ टक्के घसरतात. तिथे फारसा फरक नाही.

कार्यक्षमता अनेकदा लेबलवर नसते, मापं असतात. क्षेत्रफळाला १००० ने गुणून त्याने वॅटला भागा. पॉली १.९६ बाय ०.९९२ मीटर, म्हणजे १७.२ टक्के, मोनो २.२७८ बाय १.१३४, म्हणजे २०.९. तीन किलोवॅटला पॉली नऊ लागतील, साडेसतरा चौरस मीटर. मोनो सहा, साडेपंधरा.

गच्ची मोकळी, जिना अरुंद आणि पॉली बरंच स्वस्त असेल तर तेच घ्या. टाकीची सावली टाळून जागा मोजकीच उरत असेल, तर मोनो.