अ‍ॅबस्ट्रॅक्टचा एकेक दावा पेपरच्या पोटात शोधायची पद्धत: सात महिन्यांच्या वापरानंतर

मी रिव्ह्यूअर म्हणून जर्नलमध्ये छापून येण्याआधी संशोधनाचे पेपर तपासते. सात महिन्यांपूर्वी एक पेपर मी जवळजवळ पास करून टाकला होता. अ‍ॅबस्ट्रॅक्ट इतकं सफाईदार होतं की त्यात लिहिलेलं आत असणारच असं गृहीत धरून मी टेबलांवरून नुसती नजर फिरवली, आणि दुसऱ्या रिव्ह्यूअरने दाखवून दिलं की त्यातला एक रिझल्ट पेपरात कुठेच नाहीये. ते मला फार लागलं. तेव्हापासून प्रत्येक पेपरला ही पद्धत लावते.

करायचं एवढंच की अ‍ॅबस्ट्रॅक्टची वाक्यं फोडून एका ओळीत एकच दावा लिहायचा. "झोप सुधारली आणि परिणाम टिकला" हे एक वाक्य असलं तरी दावे दोन आहेत. मग प्रत्येक दाव्यासमोर तो रिझल्ट्समध्ये कुठल्या टेबलात, आकृतीत किंवा परिच्छेदात आहे आणि तिथे नेमकं काय लिहिलंय ते उतरवायचं, आणि जागा सापडली नाही तर रकाना रिकामा ठेवायचा. पुढचं सगळं काम त्या रिकाम्या रकान्यांवर.

शोधायला मी माझ्याच कॉम्प्युटरवर पीडीएफचा टेक्स्ट काढते, कारण छापून न आलेला पेपर कुठल्या वेबसाइटवर चढवणं मला पटत नाही.

```
pdftotext -layout paper.pdf paper.txt
grep -n -i -E "month|follow" paper.txt
```

सुरुवातीला मी इथेच चुकत होते. शब्द सापडला की टिकमार्क करायचे, आणि त्यात दोन महिने गेले. एका पेपरने डोळे उघडले तो सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदललेत पण घोळ तोच ठेवलाय.

झोपायच्या आधी फोन बाजूला ठेवायचा, सहा आठवडे, एक गट तसं करणारा आणि एक न करणारा. झोपेचं माप पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स, म्हणजे 0 ते 21 चा स्कोअर, कमी तितका चांगला. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये तीन दावे होते: झोपेचा स्कोअर 25 टक्क्यांनी सुधारला, दिवसाची पेंग कमी झाली, आणि परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून राहिला.

पहिला दावा शोधला तर "25%" आत कुठेच नाही. मला वाटलं सापडलाच चोर! पण टेबल 2 मध्ये त्या गटाचा स्कोअर 10.4 वरून 7.8 वर आलेला होता. फरक 2.6, भागिले 10.4, म्हणजे बरोब्बर 25 टक्के. लेखकांनी गणित करून लिहिलं होतं, दावा खरा. (दुसऱ्या गटाचा स्कोअरही 10.2 वरून 9.5 वर आला होता, ते अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये यायला हवं होतं, पण तो मुद्दा वेगळा.) तेव्हापासून आकडा सापडला नाही तर मी आधी कॅल्क्युलेटर उघडते.

दुसरा दावा दिवसाच्या पेंगेचा. हा शब्द सर्चमध्ये दोन ठिकाणी आला आणि जुनी मी असते तर टिक करून पुढे गेले असते. पण ओळी उघडून बघितल्या तर एक इंट्रोडक्शनमध्ये, दुसऱ्या कोणाच्या तरी अभ्यासाबद्दल, आणि एक मेथड्समध्ये, की एपवर्थ स्लीपीनेस स्केल भरून घेतली. रिझल्ट्समध्ये मात्र त्या स्केलचा एकही आकडा नाही, टेबलात ओळ नाही, साधं वाक्यसुद्धा नाही. मोजलं असं लिहिलंय, काय निघालं ते लिहिलेलंच नाही, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतंय कमी झाली.

तिसरा दावा सगळ्यात बोलका. मापं घेतली होती फक्त सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी, त्यामुळे तीन महिन्यांचा रिझल्ट असूच शकत नाही. तरी "तीन महिने" हा शब्द पेपरात होता, डिस्कशनच्या शेवटी: पुढच्या अभ्यासात परिणाम तीन महिन्यांनंतर टिकतो का ते बघायला हवं. लेखकांची पुढची इच्छा होती, ती वर जाऊन झालेला रिझल्ट बनली!

एआय टूलसारख्या मशीनकडून पेपरचा सारांश करून घेतल्याची शंका मला इथे सगळ्यात जास्त येते. असा दावा हवेतून येत नाही, पेपरातूनच येतो, फक्त चुकीच्या खोलीतून. इंट्रोडक्शनमधलं दुसऱ्याचं निरीक्षण, मेथड्समधला बेत किंवा डिस्कशनमधलं "पुढे बघू" उचललं जातं आणि भूतकाळात लिहिलं जातं. बहुतेक वेळा त्याला आकडा चिकटलेला नसतो, नुसतं "लक्षणीय", "टिकून राहिला", "सर्व गटांमध्ये" असं गुळगुळीत काहीतरी असतं. माणसाची चूक माझ्या अनुभवात वेगळी दिसते. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये 64 जण आणि टेबलात 58, कारण अ‍ॅबस्ट्रॅक्ट आधी लिहिलं आणि नंतर गळालेले लोक वजा करायचे राहिले. अशा चुकीचा माग काढता येतो.

पण हा पुरावा नाही, फक्त खूण आहे, हे मी आता पक्कं धरून चालते. 1999 मध्ये जामा या जर्नलमध्ये सहा मोठ्या मेडिकल जर्नल्सची अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स तपासलेला अभ्यास आला होता. त्यात जर्नलनुसार 18 ते 68 टक्के अ‍ॅबस्ट्रॅक्ट्समध्ये आतल्या मजकुराशी न जुळणारी किंवा आत नसलेलीच माहिती सापडली, आणि तेव्हा ही सारांश करणारी टूल्स कोणाच्या हातात नव्हती. त्यामुळे "तुम्ही मशीनकडून लिहून घेतलंय" असं मी रिपोर्टमध्ये कधीच लिहीत नाही, मी फक्त विचारते की हा रिझल्ट कुठल्या टेबलात आहे.

त्रासाचं पण सांगते. आकृती इमेज असेल तर तिच्यातले आकडे टेक्स्टमध्ये येत नाहीत, त्या डोळ्यांनीच बघायच्या. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द सर्चला सापडत नाही, म्हणून मी शब्दाचा अर्धाच तुकडा टाकते. सप्लिमेंट फाइल उघडायची विसरले आणि एकदा लेखकांवर उगाच शंका घेतली, ते सगळं तिथे टेबलात नीट दिलेलं होतं, मला अजून वाईट वाटतं त्याचं. वेळ पेपरमागे वीस-पंचवीस मिनिटं जातो. ज्या पेपरात आकडेच नसतात, म्हणजे मुलाखतींवरचे वगैरे, तिथे ही पद्धत लंगडी पडते कारण "कुठे आहे" याचं उत्तर एका टेबलात मिळत नाही, तरी दाव्याला आधार देणारं एखादं उद्धृत आहे का एवढं बघता येतं.

आणि त्या झोपेच्या पेपरचं. मी दोनच प्रश्न पाठवले होते: पेंगेचा रिझल्ट कुठे आहे, आणि तीन महिन्यांचं माप कधी घेतलं. सुधारित पेपर आला तेव्हा लेखकांनी कळवलं की अ‍ॅबस्ट्रॅक्ट शब्दमर्यादेत बसवायला एका टूलमधून लहान करून घेतलं होतं आणि परत वाचायचं राहिलं. तीन महिन्यांचं वाक्य काढलं होतं. टेबल 2 मध्ये एक नवीन ओळ होती, एपवर्थ स्कोअर 9.6 वरून 9.1, आणि खाली टीप की दोन्ही गटांत फरक लक्षणीय नाही.