मध्यम उंचीच्या स्टील कॉलमसाठी पॅराबोलिक फॉर्म्युला: काही महिने वापरून झाल्यावर

१९८९ च्या एआयएससी एएसडी या अमेरिकन स्टील कोडमधला हा जुना फॉर्म्युला काही महिन्यांपासून स्प्रेडशीटमध्ये ठेवलाय, सॉफ्टवेअरचा आकडा पटतो का ते बघायला. आता नवीन कोडमध्ये दुसरा कर्व्ह आलाय, पण हातानं चेक करायला मला अजूनही हाच आवडतो.

```
Cc = √(2π²E/Fy)
R  = (KL/r)/Cc
FS = 5/3 + 3R/8 − R³/8
Fa = Fy(1 − R²/2)/FS
```

यात L उंची, K टोकांच्या जोडणीवरून येणारा गुणक, r सेक्शनचा जायरेशन रेडियस, म्हणजे KL/r जितका मोठा तितका कॉलम सडपातळ; E स्टीलचा मॉड्युलस, Fy यील्ड स्ट्रेस, FS सेफ्टी फॅक्टर आणि Fa म्हणजे चालणारा स्ट्रेस. हे फक्त KL/r जर Cc पेक्षा कमी असेल तरच, त्याच्या वर गेलं की ऑयलरचा बकलिंग फॉर्म्युला. Fy 250 आणि E 2,00,000 एमपीए धरलं तर Cc साधारण 125.7 येतो, आणि तिथे ऑयलरचा स्ट्रेस बरोबर Fy च्या निम्मा असतो. निम्मा का, तर रोलिंगनंतर सेक्शन असमान थंड होतो आणि आत रेसिड्युअल स्ट्रेस अडकून बसतो, त्यामुळे पूर्ण यील्डच्या बऱ्याच आधी काही भाग यील्ड व्हायला लागतो आणि कॉलमचा ताठपणा घटतो.

एक केस बघा. उंची 4 मीटर, दोन्ही टोकं पिन, म्हणजे K = 1, एरिया 5000 चौ. मिमी, किमान r 50 मिमी. KL/r झाला 80, R 0.637, कंसातला भाग 0.797, FS 1.87. Fa आला 106 एमपीए, लोड 532 केएन. आता इथेच कुणी ऑयलर लावला तर क्रिटिकल स्ट्रेस 308 येतो, म्हणजे यील्डच्याही वर! त्याला 23/12 नं भागलं की 161 एमपीए, लोड 805 केएन, आणि हा आकडा दिसायला अगदी साळसूद असतो, कारण भागाकारानंतर तो 250 च्या खालीच दिसतो. म्हणून मी सेफ्टी फॅक्टर लावायच्या आधीचा स्ट्रेस वेगळ्या सेलमध्ये ठेवतो, तो Fy/2 च्या वर गेला की ऑयलर बाद.

गंमत म्हणजे Cc जवळ दोन्ही कर्व्ह एकमेकांना टेकतात, उतारही सारखाच, त्यामुळे 120 वगैरेला चुकीचा फॉर्म्युला लावला तरी फरक कळतच नाही. खरा घोळ 60 ते 90 मध्ये.

r चं पण तेच. याच सेक्शनचा दुसऱ्या अक्षाचा r समजा 87 आहे आणि तो घातला, तर लोड 649 केएन दाखवतो, कॉलम मात्र कमजोर अक्षातच वाकणार. मधे ब्रेसिंग असेल तर दोन्ही दिशांचा KL/r वेगळा काढायचा आणि मोठा घ्यायचा.

तक्रार एकच, K. फ्रेम बाजूला सरकू शकत असेल आणि K 2 झाला तर हाच कॉलम 160 ला जातो, म्हणजे पॅराबोलाच्या हद्दीबाहेर, आणि शीटमध्ये अट टाकली नसेल तर ती निमूटपणे उत्तर देत राहते. ते उत्तर सुरक्षित बाजूला असतं हे खरं, पण 1.41 Cc ला पॅराबोला थेट शून्य लोड दाखवतो, आणि त्यापुढे मायनस.