मोठा फोन, लहान हात: 8 महिन्यांच्या वापरानंतर

दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर फोन हातातून सुटला तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. एका हातात माशांची पिशवी, दुसऱ्या हाताने "निघाले" लिहीत होते. स्पेसचं बटण दाबायला अंगठा खाली वळवला आणि फोन वरच्या बाजूने कलंडून पडला. ग्लासगार्डवर निभावलं.

फोन 6.8 इंची, घरातल्यांनी हौसेने घेतलेला. स्क्रीन छान आहे, बॅटरी दिवसभर पुरते, त्यावर जास्त लिहीत नाही. माझं भांडण टायपिंगशी.

आधी सगळ्यांनी सांगितलं म्हणून Settings मधला One-handed mode चालू केला. तळाच्या रेघेवरून बोट खाली ओढलं की स्क्रीनचा वरचा भाग खाली येतो. वरची बटणं दाबायला ठीक आहे, पण कीबोर्ड मुळात तळाशीच असतो, तो काही अरुंद होत नाही. भावाच्या सॅमसंगमध्ये अख्खी स्क्रीन लहान होऊन कोपऱ्यात येते, माझ्यात तसं नाही. महिनाभर मी चुकीच्या जागी शोधत होते.

खरी सोय Gboard मध्ये निघाली. स्वल्पविरामाचं बटण दाबून धरलं की एका हाताचा कीबोर्ड मिळतो आणि तो उजव्या कडेला सरकतो. पट्टीने मोजलं: कीबोर्ड 7 सेंटिमीटर रुंद होता, माझा अंगठा फोन न हलवता 5.5 च्या पुढे जात नाही. म्हणून 5.3 वर आणला.

पहिले दोन आठवडे खूश होते. मग चुका वाढल्या, 'न' च्या जागी 'म' पडायला लागला. देवनागरी मांडणीत एका ओळीत अक्षरं जास्त, त्यामुळे अरुंद केल्यावर बटणं फारच बारीक होतात. आता इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची मांडणी वापरते. वरच्या ओळीत 10 बटणं, म्हणजे प्रत्येकी साधारण 5 मिलिमीटर. रुंदी गेली ती उंचीत भरून काढली, Keyboard height वाढवून. चुका बऱ्याच कमी झाल्या.

पण फोन पडायचा थांबला तो वेगळ्याच गोष्टीने. Resize मध्ये कीबोर्ड वरही उचलता येतो. मी तो बोटभर उचलला. तळाशी असताना स्पेससाठी हात खाली सरकवावा लागायचा, सगळं वजन पकडीच्या वर राहायचं. आता फोन मध्याजवळ धरता येतो आणि अंगठा सरळ राहतो. फेरीबोटीवर, हेलकाव्यातसुद्धा, हा फरक लगेच कळतो.

खटकतं ते एवढंच: सुचवलेल्या शब्दांची पट्टीही आखडते, लांब मराठी शब्द अर्धेच दिसतात. आणि घरी दोन्ही हातांनी लिहायचं तर कडेचं बटण दाबून पूर्ण रुंदी परत करावी लागते, दर वेळी.