तयार शुभेच्छा पाठवावी की एक आठवण जोडावी?

जुलैत मंग्याचा वाढदिवस असतो. कॉलेजच्या ग्रुपवर सकाळी सहालाच पहिला केक पडतो आणि दुपारपर्यंत तोच मजकूर वीस जण चिकटवतात. गेल्या वर्षी मीही हेच पाठवलं होतं:

"प्रिय मित्रा, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुझी सर्व स्वप्ने पूर्ण होवोत. आई जगदंबा तुला उदंड आयुष्य देवो 🎂💐"

यात वाईट काही नाही. पण "मित्रा"च्या जागी "दादा" टाकला की हाच मजकूर नगरसेवकाच्या फ्लेक्सवर चालतो. मंग्याचं उत्तर आलं "🙏🙏", जे त्याने बाकीच्यांनाही दिलं होतं.

यंदा आधी विशेषणं वाढवून पाहिली. "तू खूप मदतीला धावणारा, दिलदार माणूस आहेस." वाचायला बरं वाटलं, पण दिलदार म्हणजे काय केलं त्याने? हे वाक्यही कुणालाही लागू पडतं, फक्त जरा लांब. मग लिहिलं, "कॉलेजचे ते दिवस आठवतात." यातही आठवण नाहीच, नुसतं तिचं शीर्षक आहे.

खरी आठवण एका संध्याकाळची होती. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगचं सबमिशन. मी मंग्याच्या लुनावर मागे बसलेलो, हातात शीट्सची गुंडाळी, आणि कात्रजच्या अलीकडे पावसाने गाठलं. त्याने गाडी थांबवली, अंगातला रेनकोट काढून शीट्सना गुंडाळला आणि आम्ही दोघं भिजत खोलीवर गेलो. पहिल्या खर्ड्यात मी हे सगळं, वर सबमिशनला सर काय म्हणाले तेही लिहिलं. दहा ओळी झाल्या आणि त्यातल्या सहा माझ्याबद्दल. वाढदिवस त्याचा! त्या काढून टाकल्या. उरलं ते असं:

"मंग्या, परवा कात्रजला पाऊस लागला आणि कॉलेजात असताना तू अंगातला रेनकोट काढून माझ्या शीट्सना गुंडाळलास ते आठवलं. 'आपण वाळतो, शीट वाळत नाही,' म्हणालास. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. या पावसाळ्यात रेनकोट तुझ्याच अंगावर राहो."

एक जागा, एक वस्तू, त्याच्या तोंडचं एक वाक्य. एवढं पुरतं. शेवटची शुभेच्छाही त्या रेनकोटातूनच निघाली, त्यामुळे वेगळी "उदंड आयुष्य" जोडायची गरज पडली नाही. आठवण मुद्दाम आधी ठेवली, कारण मोबाइलवर मेसेज उघडण्याआधी पहिली ओळच दिसते आणि त्या दिवशी बाकी सगळ्या ओळी "वाढदिवसाच्या हार्दिक"नेच सुरू होतात.

वेळेचं म्हणाल तर तयार मजकुराला दहा सेकंद लागतात, याला माझी पंधरा मिनिटं गेली, त्यातली बरीचशी आठवण शोधण्यात. म्हणून हे सगळ्यांसाठी करू नये. सोसायटीचे सेक्रेटरी, ऑफिसातले मोठे साहेब, वर्षातून एकदा भेटणारे व्याही यांना "आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" हेच शोभतं. तिथे ओढूनताणून आणलेली आठवण म्हणजे नसती सलगी. ज्यांच्याशी आपण अरे-तुरे बोलतो त्यांतल्या सात-आठ जणांपुरतं ठेवलं तर झेपतं.

आणि पाठवायचं ते त्या माणसाला एकट्याला. ग्रुपवर रेनकोटची गोष्ट टाकली की दोघं-तिघं "कधी रे हे?" म्हणून खणायला लागतात आणि वाढदिवस बाजूला पडतो. नापास झालेला विषय, मोडलेलं लग्न, दारूच्या रात्री, हे आपल्याला कितीही विनोदी वाटो, त्याच्या शेजारी बसून बायको-पोरं वाचत असतील हे धरून चालावं. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर त्या माणसाची आठवण वाढदिवसाच्या सकाळी काढावी का, याचं एकच एक उत्तर मला सापडलेलं नाही. मी टाळतो आणि संध्याकाळी फोन करतो.

आठवण पक्की नसेल तर मात्र सरळ तयार शुभेच्छा बरी. मी एकदा मावसबहिणीला लिहिलं, "चिंचेच्या झाडावरून पडूनही तू रडली नव्हतीस." तिचं उत्तर: "पडली ती ताई. मी खाली उभी राहून रडत होते." अंदाजाने भरलेला तपशील असा अंगाशी येतो. त्यापेक्षा गेल्या महिन्यातली, लहानशी पण नक्की घडलेली गोष्ट चालते. लहानपणचीच हवी असं काही नाही.

मंग्याला मेसेज सकाळी साडेसातला गेला. तासाभराने उत्तर आलं, नमस्काराचे हात नव्हते. "शीट तुझी, लुना माझी, पण रेनकोट रूममेटचा होता. तो अजून मागतो."