पुरवठादारांची पेमेंट एका फाइलमधून: एक्सेलचा तक्ता बरा की सॉफ्टवेअरमधून निघणारी फाइल?

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधला एखादा मध्यम कारखाना धरू. महिन्याच्या १० आणि २५ तारखेला साधारण ३८ पुरवठादारांचे पैसे सोडायचे आहेत. आतापर्यंत नेटबँकिंगमध्ये एकेक नाव निवडून, एकेक ओटीपी टाकून काम चालायचं. आता बँकेने बल्क अपलोडची सोय दिली आहे, म्हणजे एक फाइल चढवायची, वरिष्ठांनी मंजूर करायची आणि सगळे पैसे एकदम जायचे. प्रश्न इतकाच की ती फाइल बनवायची कशी.

दोन रस्ते आहेत. पहिल्यात बँकेने दिलेला एक्सेलचा नमुना अकाउंटंट हाताने भरतो. दुसऱ्यात टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेमेंटच्या नोंदी करून तिथूनच बँकेच्या ठरावीक मांडणीतली फाइल काढली जाते. तिसराही एक रस्ता आहे, सॉफ्टवेअर आणि बँकेचा सर्व्हर थेट जोडण्याचा. पण तो बसवण्याचा खर्च आणि बँकेशी चालणारा पत्रव्यवहार पाहता महिन्याला ७५-८० पेमेंटसाठी त्यात पडू नये.

वेळ दोन्हीत वाचतो, त्यामुळे निवड वेळेवरून करू नका. बिल पास झाल्यापासून बँकेने फाइल स्वीकारेपर्यंत आकडा किंवा खातेक्रमांक किती वेळा माणसाच्या हातून जातो, ते मोजा. एक्सेलच्या रस्त्यात तो तीनदा जातो: लेजरवरून तक्त्यात उतरवताना, तक्ता नीटनेटका करताना आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह करताना. सॉफ्टवेअरच्या रस्त्यात एकदाच, पुरवठादाराचं खातं पहिल्यांदा नोंदवताना.

तिसऱ्या टप्प्यावर काय होतं ते नीट पाहा, कारण सर्वांत जास्त फाइली तिथेच बिघडतात. खाली काल्पनिक खातेक्रमांक असलेली एक ओळ आहे. आधी मूळ, आणि मग तीच ओळ सीएसव्ही डबल-क्लिकने एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केल्यानंतरची.

```
N,00123456789012,ABCD0001234,95920.00
N,1.23457E+11,ABCD0001234,95920
```

एक्सेलने खातेक्रमांकाला संख्या समजून पुढची शून्यं काढून टाकली आणि उरलेले आकडे छोट्या रूपात लिहिले. अशी ओळ बँक बहुतेक वेळा नाकारते, म्हणून हा प्रकार निदान लगेच कळतो. खरा धोका १६ आकडी खातेक्रमांकाचा आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच जपतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. रकान्याचं रूप नंबर केलं की क्रमांक दिसायला पूर्ण असतो, लांबी बरोबर असते, फक्त शेवटचा आकडा बदललेला असतो. म्हणून नमुन्यातला खातेक्रमांकाचा रकाना आधी टेक्स्ट करून मगच भरायला घ्यावा आणि तयार सीएसव्ही नोटपॅडमध्येच उघडून पाहावी.

त्याहून वाईट चूक म्हणजे खातेक्रमांकाचा रकाना वगळून केलेली क्रमवारी. नावं आणि त्यांच्यासोबत रकमा वर्णानुक्रमाने लागतात, खातेक्रमांक जिथल्या तिथे राहतात, आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. एनईएफटीमध्ये रक्कम खातेक्रमांकावरून जमा होते. नाव जुळलं नाही म्हणून पैसे थांबतील या भरवशावर राहू नका. ओळींची संख्या आणि एकूण रक्कम दोन्ही बरोबरच येतात, त्यामुळे मंजूर करणाऱ्यालाही शंका येत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. खातेक्रमांकाचे शेवटचे ४ आकडे गुणिले रक्कम, असं प्रत्येक ओळीचं करून बेरीज काढायची. समजा ४४१७ ने संपणाऱ्या खात्यात ९५,९२० आणि ९०३२ ने संपणाऱ्या खात्यात ४१,३०० रुपये जायचे आहेत. तपासणीची बेरीज ७९,६७,००,२४० येते. रकमांची अदलाबदल झाली तर तीच १,०४,८७,७१,५४० होते, जरी एकूण रक्कम दोन्ही वेळा १,३७,२२० च असते. खातेक्रमांक B आणि रक्कम C रकान्यात असेल तर ३८ ओळींसाठी सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(VALUE(RIGHT(B2:B39,4)),C2:C39)
```

ही बेरीज एकदा लेजरवरून काढलेल्या यादीवर आणि एकदा अपलोड करायच्या फाइलच्या वेगळ्या प्रतीवर, खातेक्रमांक टेक्स्ट म्हणून घेऊन, काढायची. दोन्ही जुळल्याशिवाय फाइल पुढे जाऊ द्यायची नाही. सॉफ्टवेअरमधून फाइल निघत असली तरी हे करावं, कारण ती बहुधा साधी मजकुराची फाइल असते आणि डेस्कटॉपवर पडलेली असताना कुणीही ती उघडून बदलू शकतो.

सॉफ्टवेअरच्या बाजूला अडचणी नाहीत असं नाही. टॅलीप्राइममध्ये `e-Payments` ची सोय आहे, पण तुमच्या बँकेची मांडणी तिच्या यादीत हवी. ठाण्या-नवी मुंबईत अनेकांचं मुख्य खातं सहकारी बँकेत असतं, तेव्हा हे आधी तपासा. यादीत नसेल तर कुणाकडून तरी एक्स्पोर्ट लिहून घ्यावा लागतो. दुसरी अडचण पुरवठादारांच्या जुन्या माहितीची. बँकांच्या विलीनीकरणानंतर बरेच आयएफएससी बाद झाले. `SYNB` ने सुरू होणारे सिंडिकेट बँकेचे कोड १ जुलै २०२१ पासून चालत नाहीत. असा कोड लेजरमध्ये पडून असेल तर सॉफ्टवेअर तो प्रत्येक फाइलमध्ये इमानाने घालत राहील. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ टाइप झालेला फार वेळा सापडतो.

आरटीजीएससाठी किमान रक्कम २ लाख. बिल २,००,६०० चं असतं म्हणून कुणी आरटीजीएस निवडतो, टीडीएस वजा होऊन रक्कम २ लाखांच्या खाली येते आणि ती ओळ फेटाळली जाते. पेमेंटचा प्रकार निव्वळ रकमेवरून ठरायला हवा. एक्सेलमध्ये हे माणसाला लक्षात ठेवावं लागतं.

मंजुरीचं काय? दोन्ही रस्त्यांत बँकेच्या पोर्टलवर मेकर-चेकर असतोच: अकाउंटंट फाइल चढवतो, मालक किंवा व्यवस्थापक ओटीपीने सोडतो. पण पोर्टलवर मंजूर करणाऱ्याला पहिल्या पडद्यावर अनेकदा फाइलचं नाव, ओळींची संख्या आणि एकूण रक्कम एवढंच दिसतं. बिलं त्याने पाहिलेलीच नसतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये किंवा कागदावर आधी एक मंजुरी हवी: बिलवार यादी, प्रत्येक बिलापुढे टीडीएस, डेबिट नोट आणि निव्वळ रक्कम, खाली तपासणीची बेरीज, आणि सही. पोर्टलवरची मंजुरी मग त्या सहीच्या यादीशी ताडून द्यायची. मालकाचा फोन अकाउंटंटच्या टेबलावर राहत असेल तर या दोन पायऱ्या कागदावरच उरतात.

बँकेला एक गोष्ट जरूर विचारा: चेकरला ३८ पैकी एकच ओळ नाकारता येते का? काही पोर्टलांत पूर्ण फाइलच नाकारावी लागते. मग घाईत दुरुस्त केलेली फाइल दुसऱ्या नावाने चढते आणि पहिलीही मंजुरीच्या रांगेत पडून राहते. दुबार पेमेंट होण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे. प्रत्येक ओळीला व्हाउचरचा क्रमांक संदर्भ म्हणून द्या आणि तोच संदर्भ दुसऱ्यांदा आला तर बँक अडवते का, हेही विचारून घ्या.

आता पेमेंट ॲडव्हाइसचे ईमेल. इथे बँकेचा ईमेल आणि सॉफ्टवेअरचा ईमेल अशी निवड आहे. बँक फाइलमधल्या ईमेलच्या रकान्यावर कळवते. त्यात रक्कम आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, असतो, पण बिलांची फोड क्वचितच असते. उदाहरणार्थ, यंत्रांच्या देखभालीचं बिल ८४,००० अधिक १८ टक्के जीएसटी १५,१२०, मिळून ९९,१२०. ठेकेदार एकट्याच्या मालकीचा, म्हणून ८४,००० वर १ टक्का टीडीएस ८४०. आधीच्या बिलात जास्त लावलेल्या सुट्या भागांची डेबिट नोट २,३६०. खात्यात जातात ९५,९२०. बँकेच्या ईमेलमध्ये त्याला नुसतं ९५,९२० दिसतं. त्याचा माणूस ते कोणत्याही बिलाशी न जोडता ऑन अकाउंट टाकतो आणि महिन्याने ३,२०० रुपये बाकी म्हणून फोन करतो. टॅलीचा `Payment Advice` बिलवार तपशील देतो, म्हणून ॲडव्हाइस सॉफ्टवेअरमधूनच जावा.

मात्र तो कधी पाठवायचा, ते महत्त्वाचं. फाइल अपलोड होताच पाठवला तर परत आलेल्या पेमेंटचाही ‘पैसे दिले’ असा ईमेल जातो. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालतं. पैसे जमा करता आले नाहीत तर समोरच्या बँकेने त्या बॅचनंतर २ तासांच्या आत परत पाठवायचे असतात. तेव्हा दुपारी फाइल सोडा, संध्याकाळी बँकेची प्रतिसाद-फाइल उतरवून यूटीआर सॉफ्टवेअरमध्ये आणा, आणि सकाळी फक्त यशस्वी ओळींचे ॲडव्हाइस पाठवा. एक्सेलच्या रस्त्यात ३८ यूटीआर हाताने चिकटवावे लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते काम बंद पडतं.

खातं बदलल्याचा ईमेल आला तर आधीपासून नोंदलेल्या फोन नंबरवर बोलूनच बदल करावा. त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. एप्रिल २०२५ पासून बँकांनी एनईएफटी-आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायची आहे. नवं खातं नोंदवताना तिथे नाव पाहून घ्या. त्यानंतरचा पहिला ॲडव्हाइस जुन्या ईमेलवरही पाठवा, म्हणजे बदल खोटा असेल तर खरा पुरवठादार त्याच दिवशी फोन करेल.

सूक्ष्म आणि लघु उद्योग असलेल्या पुरवठादारांचे पैसे द्यायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे; करार नसेल तर १५. माल १२ मार्चला स्वीकारला तर ४५ वा दिवस २६ एप्रिल. २५ एप्रिलच्या फाइलमध्ये ते बिल राहून गेलं तर पुढची फाइल १० मेची, म्हणजे १४ दिवस उशीर. म्हणून आज देय झालेली बिलं न निवडता पुढच्या फाइलच्या तारखेआधी देय होणारी सगळी निवडायची. सॉफ्टवेअरमध्ये बिलाची मुदत नोंदलेली असेल तर ही यादी आपोआप निघते.

महिन्याला १५-२० पेमेंट असतील, पुरवठादार ठरलेले असतील आणि मंजूर करणारा मालक बिलं स्वतः पाहत असेल, तर एक्सेलचा नमुना पुरे; टेक्स्ट रकाना आणि तपासणीची बेरीज तेवढी सोडू नका. त्यापुढे, किंवा टीडीएस आणि डेबिट नोटा नियमित असतील तर, सॉफ्टवेअरची फाइल घ्या. सुरुवातीला सगळ्या पुरवठादारांकडून रद्द केलेला चेक मागवून खाती ताडून घ्या. मग पहिली फाइल ओळखीच्या ५ पुरवठादारांची, छोट्या रकमांची सोडा. बँक खात्यातून एकच एकत्रित रक्कम वजा करते की ५ वेगळ्या, ते त्या दिवशीच्या स्टेटमेंटमध्ये पाहा. एकत्रित होत असेल तर परत आलेली रक्कम मात्र सुटी जमा होईल, आणि ती कोणत्या व्हाउचरची हे संदर्भ क्रमांकावरूनच शोधावं लागेल.